धागा: उताऱ्यावरचे प्रश्न – कोण, केव्हा, का. उत्तर बरोबर, पण अख्खं वाक्य उचललेलं. काय करायचं?

वेलदोडा

मुलगी पाचवीत आहे, मराठी माध्यम. उतारा वाचते, समजतो. तोंडी विचारलं तर पटकन आणि नेमकं सांगते. लिहायला बसली की उताऱ्यातलं पूर्ण वाक्य वहीत उतरवते. बाई "स्वतःच्या शब्दांत लिही" असा शेरा देतात, पण स्वतःचे शब्द म्हणजे नक्की काय, हे तिला कळत नाही, आणि मला समजावता येत नाही.

सरावासाठी मी एक छोटा उतारा लिहिला. तो आणि तिची उत्तरं जशीच्या तशी देते.

> शनिवारी दुपारी आभाळ भरून आले. अंगणात वाल वाळत पडले होते. "पाऊस यायच्या आत वाल ओटीवर घे," असे आजीने सुमनला सांगितले आणि ती गोठ्याकडे गेली. सुमन शब्दकोडे सोडवत होती. "एवढे एक झाले की उठते," ती म्हणाली. टपोरे थेंब पडू लागले तेव्हा ती धावत अंगणात आली. पण तोवर अर्धे वाल भिजले होते. शेजारचा बाळू ताडपत्री घेऊन आला आणि दोघांनी उरलेले वाल झाकले. रात्री जेवणे झाल्यावर आजीने भिजलेले वाल पातेल्यात पाण्यात टाकले. "उद्या मोड काढायला बांधू, परवा बिरडे," एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी बाहेर आली, तेव्हा अंगण झाडलेले होते. उरलेले वाल उन्हात पसरलेले होते आणि सुमन हातात काठी घेऊन शेजारी बसली होती.

१. गोठ्याकडे कोण गेले?
*आजीने सुमनला सांगितले आणि ती गोठ्याकडे गेली.*

२. ताडपत्री कोणी आणली?
*शेजारचा बाळू ताडपत्री घेऊन आला आणि दोघांनी उरलेले वाल झाकले.*

३. आजीने वाल पाण्यात केव्हा टाकले?
*रात्री जेवणे झाल्यावर आजीने भिजलेले वाल पातेल्यात पाण्यात टाकले.*

४. अर्धे वाल का भिजले?
*टपोरे थेंब पडू लागले तेव्हा ती धावत अंगणात आली. पण तोवर अर्धे वाल भिजले होते.*

५. आजी सुमनला का रागावली नाही?
*एवढेच ती म्हणाली.*

तिसरं उत्तर मला बरोबर वाटतं. बाकीच्यांत काय चुकलं ते दिसतं, पण तिला सांगायचं कसं?

---

सागर_प

शिष्यवृत्तीची तयारी करताय ना? मग एवढं लिहून घेण्यात वेळ घालवू नका. उतारा आधी वाचायचा नाही, प्रश्न आधी वाचायचे, मग उताऱ्यात तो शब्द शोधायचा आणि पर्यायाशी ताडून पाहायचा. गोल रंगवला की झालं. दोन मिनिटांत एक उतारा होतो.

---

वेलदोडा

@सागर_प, शिष्यवृत्तीचं नाही, शाळेतल्या चाचणीचं विचारतेय. इथे पर्याय नसतात, "एका वाक्यात उत्तर लिहा" असतं.

---

कपिला_के

सोपं आहे. शब्द बदलायला शिकवा. आभाळच्या जागी आकाश, टपोरेच्या जागी मोठे, धावतच्या जागी पळत. समानार्थी शब्दांचा सराव आपोआप होतो आणि वाक्य उचलल्यासारखं दिसत नाही. "मोठे थेंब पडायला लागले तेव्हा ती पळत अंगणात आली, पण तोपर्यंत निम्मे वाल ओले झाले होते." झालं की नाही स्वतःच्या शब्दांत?

---

मुळाक्षर

कपिलाताई, शब्दसंपत्तीसाठी हा सराव चांगलाच आहे आणि "टपोरे"चं "मोठे" करायला माझी हरकत नाही. पण तुम्ही लिहिलेलं वाक्य चौथ्या प्रश्नासमोर ठेवून पाहा. प्रश्न होता, अर्धे वाल का भिजले. तुमच्या वाक्यात बरेच शब्द नवे आहेत आणि कारण कुठेच नाही. उतारा न वाचलेल्या माणसाला ते दाखवलं तर तो विचारेल, "हो, पण का?"

इथेच मूळ दुखणं आहे. मूल प्रश्नातला ठळक शब्द पकडतं, इथे "अर्धे वाल भिजले". उताऱ्यात तोच शब्द जिथे दिसतो ते वाक्य उचलतं. "कोण" आणि "केव्हा"ला ही युक्ती बऱ्याचदा चालून जाते, कारण करणारा आणि वेळ त्याच वाक्यात किंवा अगदी जवळ असतात. "का"ला ती हमखास फसते. प्रश्नातले शब्द ज्या वाक्यात असतात त्यात परिणाम असतो, कारण असतं मागच्या एक-दोन वाक्यांत. इथे कारण दोन-तीन वाक्यं मागे आहे: सुमन शब्दकोडे सोडवत होती, "एवढे एक झाले की उठते" म्हणाली. उताऱ्यात "कारण" किंवा "म्हणून" हे शब्दच नाहीत, त्यामुळे शोधायला खूण मिळत नाही.

म्हणून वेलदोडाताई, उचलणं ही लिहिण्याची सवय वाटते, पण सुरुवात वाचताना होते. मूल उत्तराऐवजी उत्तराचा पत्ता देतं. "इथेच कुठेतरी आहे, तुम्ही शोधा" असं ते बाईंना सांगत असतं.

आता एकेक प्रश्न घेऊ.

पहिला, गोठ्याकडे कोण गेले. तिने लिहिलं, "आजीने सुमनला सांगितले आणि ती गोठ्याकडे गेली." "ती" म्हणजे कोण, आजी की सुमन? या वाक्यावरून कळत नाही. उताऱ्यात पुढच्या वाक्यात सुमन कोडे सोडवताना दिसते, म्हणून गोठ्याकडे आजी गेली. मुलीला हे कळलं आहे का, हे उत्तरावरून सांगता येत नाही, आणि तपासणाऱ्याची अडचण हीच असते. उत्तर फक्त "आजी गोठ्याकडे गेली."

आणखी एक खाच इथे आहे. प्रश्नात "कोण गेले" असतं. प्रश्नाचा शेपूट तसाच ठेवून "आजी गोठ्याकडे गेले" लिहिणारी मुलं पुष्कळ. उत्तर देणारा माणूस कळला की क्रियापद त्याच्यामागे जातं: आजी गेली, बाळू गेला, वासरू गेलं. हे मुद्दाम दोन-चार वेळा तोंडी करून घ्या.

दुसरा, ताडपत्री कोणी आणली. उताऱ्यात "बाळू घेऊन आला" आहे, प्रश्नात "कोणी आणली". आता नावाला "ने" लागतो: "बाळूने ताडपत्री आणली." मुलांसाठी एक सोपा नियम बसतो. प्रश्नातल्या "कोण"ला जे शेपूट, तेच उत्तरातल्या नावाला. कोण – बाळू. कोणी – बाळूने. कोणाला – बाळूला. कोणाचे – बाळूचे. कोणाबरोबर – बाळूबरोबर. हा नियम आला की "कोण"ची उत्तरं उचलावीच लागत नाहीत, कारण प्रश्नच अर्धं उत्तर लिहून देतो. "दोघांनी उरलेले वाल झाकले" हा भाग विचारलेलाच नाही, तो गाळायचा.

तिसरा, जो तुम्हाला बरोबर वाटला. "रात्री जेवणे झाल्यावर" हे बरोबर आहे, पण कोणत्या रात्री? उत्तर दोन ठिकाणी विखुरलं आहे. "शनिवारी" पहिल्या वाक्यात, "रात्री जेवणे झाल्यावर" नवव्या वाक्यात. मधल्या सगळ्या घटना त्याच दिवसाच्या आहेत, हे वाचणाऱ्याने धरून ठेवायचं असतं. पूर्ण उत्तर: "शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर." अख्खं वाक्य उचलणाऱ्याला हे उत्तर कधीच पूर्ण लिहिता येत नाही, कारण ते कुठल्याही एका वाक्यात नाही. उचलणं पुरत नाही हे मुलीला दाखवायला हा प्रश्न सगळ्यांत चांगला.

चौथा आणि पाचवा उद्या लिहितो, ते सविस्तर लिहायला हवेत.

---

लाल_शाई

मुळाक्षर, तिसऱ्याबद्दल थोडं वेगळं मत आहे. "रात्री जेवणे झाल्यावर" एवढंच लिहिलं तरी मी एका गुणाच्या प्रश्नाला पूर्ण गुण देईन. "केव्हा"चं उत्तर दिवसाने द्यायचं, वेळेने द्यायचं की घटनेने द्यायचं, हे प्रश्नात सांगितलेलं नाही. दिवस हवा असेल तर "कोणत्या दिवशी, केव्हा" असं विचारायला हवं. मुलाने न विचारलेलं दिलं नाही म्हणून गुण कापणं मला पटत नाही.

उचललेल्या उत्तराबद्दल मात्र सहमत. दुसऱ्या प्रश्नाला तिने बाळूचं नाव असलेलं वाक्य दिलं, पण पुढे "दोघांनी"ही आणलं. तपासताना प्रश्न पडतो, हिला बाळू म्हणायचंय की दोघं? मी अशा ठिकाणी अर्धा गुण देते आणि "बाळू" या शब्दाखाली रेघ मारून "एवढंच पुरे" लिहिते. मुलांना त्या रेघेवरून जास्त कळतं.

---

मुळाक्षर

@लाल_शाई, गुणांबद्दल तुमचं बरोबर आहे, मीही कापणार नाही. सरावात मात्र "कोणत्या रात्री" असा पुढचा प्रश्न विचारेन.

---

दूरदेशी_न्यूजर्सी

आमच्याकडे रविवारच्या मराठी शाळेत उलटी अडचण आहे. मुलांना उत्तर कळतं, ती ते इंग्रजीत सांगतात, आणि मराठीत लिहायचं म्हटलं की उताऱ्याचं वाक्य उतरवण्यापलीकडे काही येत नाही. उतरवू नका म्हटलं तर वही कोरी राहते. मग उतरवू देणंच बरं नाही का? निदान मराठी अक्षरं तरी गिरवली जातात. माझा मुलगा तर "शब्दकोडे मुळे" असं दोन तुकड्यांत लिहितो.

---

मुळाक्षर

तुमच्या मुलाचं "शब्दकोडे मुळे" फार कामाचं उदाहरण आहे, आणि ते फक्त परदेशातल्या मुलांचं नाही. मराठीत शब्दाला "मुळे", "ने", "ला", "त", "साठी" जोडायचं तर बऱ्याचदा आधी शब्दाचं रूप बदलावं लागतं. कोडे – कोड्यामुळे. पातेले – पातेल्यात. पाऊस – पावसामुळे. उशीर – उशिरामुळे. मुलाला या बदलाची खात्री नसते. उताऱ्यातलं वाक्य मात्र आयतं बरोबर असतं. म्हणून ते जसंच्या तसं घेणं सुरक्षित वाटतं. बऱ्याच मुलांची उचलेगिरी ही आळसापेक्षा या भीतीतून येते.

उपाय असा, की उतारा सोडवायच्या आधी त्यातले पाच-सहा शब्द काढून त्यांची रूपं तोंडी करून घ्यायची. पाऊस – पावसामुळे, पावसात, पावसाने. ताडपत्री – ताडपत्रीने, ताडपत्रीखाली. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर उत्तराचा सांगाडा द्यायचा आणि मुलाने फक्त जागा भरायच्या:

______ने ताडपत्री आणली.
आजीने ______ झाल्यावर वाल पाण्यात टाकले.
सुमन ______ म्हणून अर्धे वाल भिजले.

तीन-चार उतारे असे झाले की सांगाडा काढून घ्यायचा. पूर्ण वाक्य उतरवण्यापेक्षा हे कमी लिहिणं आहे, पण प्रत्येक रिकाम्या जागेला मुलाला ठरवावं लागतं. अक्षर गिरवायचं असेल तर त्यासाठी वेगळी वही ठेवा, आकलनाच्या उत्तरावर तो भार नको.

आता चौथा प्रश्न, अर्धे वाल का भिजले.

मुलं तीन तऱ्हेची उत्तरं लिहितात. पहिलं, "पाऊस पडला म्हणून." हे खरं आहे, पण उतारा न वाचताही लिहिता येतं. वस्तू भिजली म्हणजे पाणी पडलं, त्यासाठी पुरावा लागत नाही. दुसरं, "सुमनने ऐकलं नाही म्हणून." हे जवळ आहे, पण उताऱ्याशी पूर्ण जुळत नाही. सुमनने नाही म्हटलं नव्हतं, उठते म्हणाली होती, फक्त नंतर. तिसरं, "सुमन शब्दकोडे सोडवत बसली आणि वाल आत घ्यायला उशीर झाला म्हणून." हे उत्तर उताऱ्याला धरून आहे, आणि "उशीर" हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. तो मुलाने वाचून काढला. स्वतःचे शब्द म्हणतात ते हेच: उताऱ्यात विखुरलेल्या दोन-तीन गोष्टी एकत्र बांधणारा शब्द. कपिलाताईंच्या सूचनेत आणि यात फरक हाच, की तिथे शब्दाच्या जागी शब्द येतो आणि इथे तीन वाक्यांच्या जागी एक शब्द येतो.

काही शब्द मात्र बदलायचे नाहीत. नावं, वार, आकडे, आणि वस्तूंची खास नावं: वाल, ताडपत्री, शब्दकोडे, बिरडे. वालाचं "कडधान्य" केलं की उत्तर ढिलं होतं. हे शब्द म्हणजेच पुरावा. त्यांच्याभोवतीचं वाक्य आपलं असावं.

पद्धत अशी. प्रश्न वाचल्यावर उताऱ्यात पेन्सिलने रेघ मारायची, पण एका प्रश्नासाठी दोन ते पाच शब्दांखालीच. पूर्ण वाक्याखाली रेघ गेली तर खोडायची. "का"साठी रेघ दोन ठिकाणी जाऊ शकते, इथे "शब्दकोडे सोडवत होती" आणि "तोवर". मग उतारा हाताने झाकायचा आणि उत्तर तोंडाने म्हणायचं. तुमची मुलगी तोंडी नेमकं सांगते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे हा टप्पा तिला जमतो. जे म्हटलं तेच लिहायचं, उतारा झाकलेलाच ठेवून. शेवटी उतारा उघडून फक्त नाव, वार आणि खास शब्द तपासायचे.

तपासताना एक सोपी खूण आहे. उत्तराची सुरुवात "ती", "तो", "तोवर", "पण", "दोघांनी", "एवढेच" अशा शब्दाने झाली, किंवा असा शब्द मध्ये आला आणि तो कोणाबद्दल आहे हे उत्तरातच कळत नसेल, तर वाक्य उचललेलं आहे. हे शब्द मागच्या वाक्याला लोंबकळत असतात. उचललेलं वाक्य त्यांना सोबत घेऊन येतं, मनातून आलेलं वाक्य सहसा आणत नाही.

---

कपिला_के

हे पटलं. पण मग "कारण" लिहायचं की "म्हणून"? आमच्याकडे दोन्ही एकत्र येतात, "कारण की सुमन कोडे सोडवत होती म्हणून वाल भिजले."

---

मुळाक्षर

दोन्ही चालतात, एका वाक्यात एकच. "कारण" घेतलं तर परिणाम आधी: "अर्धे वाल भिजले, कारण सुमन कोडे सोडवत बसली आणि उशिरा उठली." "म्हणून" घेतलं तर कारण आधी: "सुमन उशिरा उठली म्हणून अर्धे वाल भिजले." लहान मुलांना मी "कारण"चा सांगाडा आधी देतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग प्रश्नातूनच मिळतो, "का" काढून टाकायचा, आणि डोकं फक्त दुसऱ्या अर्ध्यावर लावायचं.

याच्याच जवळची एक गोष्ट. "आजीने वाल ओटीवर घ्यायला का सांगितले?" असं विचारलं तर दोन उत्तरं येतात. "आभाळ भरून आलं होतं म्हणून" आणि "वाल भिजू नयेत म्हणून." पहिल्यात आधी घडलेली गोष्ट आहे, दुसऱ्यात आजीचा हेतू. मराठीत दोन्हींना "म्हणून"च लागतो, त्यामुळे मुलांची गल्लत होते. मी दोन्ही बरोबर धरतो, पण "भिजू नयेत म्हणून" लिहिणाऱ्याला विचारतो, "ते आजीला कशावरून वाटलं?" मग तो आभाळाकडे येतो.

---

लाल_शाई

दोन गुणांचा प्रश्न असेल तर मी दोन्ही असलेलं उत्तर अपेक्षित धरते: आभाळ भरून आलं होतं आणि वाल भिजू नयेत असं आजीला वाटत होतं. एका गुणाला कुठलंही एक.

आणखी एक. चौथ्या प्रश्नातलं "अर्धे" धोक्याचं आहे. एखादं हुशार मूल ते "अर्धेच का, सगळे का नाही?" असं वाचेल आणि लिहील, "कारण बाळू आणि सुमनने उरलेले वाल ताडपत्रीने झाकले." हे उत्तर उताऱ्याला धरून आहे आणि पुरावाही पक्का आहे. मी त्याला गुण देईन. म्हणून प्रश्न "वाल का भिजले?" एवढाच ठेवा.

---

वेलदोडा

प्रश्न बदलते. काल दाखवलेल्या पद्धतीने पुन्हा लिहायला दिलं. उतारा झाकून. तिची नवी उत्तरं:

१. *आजी गोठ्याकडे गेली.*
२. *बाळूने ताडपत्री आणली.*
३. *शनिवारी रात्री जेवताना टाकले.*
४. *वाल भिजले कारण सुमनला शब्दकोडे पूर्ण करायचे होते आणि ती पाऊस आल्यावर उठली.*
५. *कारण आजी खूप प्रेमळ होती.*

चौथं वाचून मला फार आनंद झाला. पाचव्याचं मात्र काय करू कळत नाही.

---

मुळाक्षर

चौथं उत्तम आहे. "पाऊस आल्यावर उठली" यात उशीरही आला आणि पुरावाही. एक शब्दही उचललेला वाटत नाही.

तिसऱ्यात छोटी पण महत्त्वाची चूक शिरली आहे. उताऱ्यात "जेवणे झाल्यावर", तिने "जेवताना" लिहिलं. उतारा झाकून लिहिताना नेमकं हेच घसरतं, वेळेचं टोक. "जेवताना" म्हणजे त्याच वेळी, "जेवल्यावर" म्हणजे नंतर, "जेवण्यापूर्वी" म्हणजे आधी. म्हणून शेवटी उतारा उघडून तपासताना "केव्हा"च्या उत्तरात "ताना", "ल्यावर" आणि "पूर्वी" हे तिन्ही मुद्दाम पाहायचे.

याच रूपांचा दुसराही उपयोग आहे. "टपोरे थेंब पडू लागले तेव्हा ती धावत अंगणात आली" या वाक्यावर "सुमन अंगणात केव्हा आली?" असं विचारा. "तेव्हा"चं लांब वाक्य "ल्यावर"मध्ये मावतं: "पाऊस सुरू झाल्यावर." तीन शब्दांत उत्तर, आणि उचलायला काही उरत नाही.

पाचव्याबद्दल: "आजी खूप प्रेमळ होती" याला उताऱ्यात आधार नाही, पण चूक तिची नाही, प्रश्नाची आहे. आजी रागावली नाही असं उताऱ्यात कुठे लिहिलंय? ती कमी बोलली एवढंच आहे. कमी बोलणं रागाचंही असू शकतं. प्रश्नानेच एक गोष्ट गृहीत धरली आणि मुलीला तिचं कारण शोधायला लावलं. जिथे पुरावा नाही तिथे मूल एकतर वाक्य उचलतं, जसं तिने पहिल्यांदा केलं, किंवा मनाने जोडतं, जसं आता केलं. लघुत्तरात असा प्रश्न नको.

त्याऐवजी विचारा, "दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन काठी घेऊन का बसली होती?" याचंही उत्तर सरळ लिहिलेलं नाही, पण पुरावा आहे: वाल उन्हात पसरलेले, काठी हातात, आणि आदल्या दिवशी झालेलं नुकसान. "उन्हात पसरलेल्या वालांची राखण करायला बसली असावी." इथे "असावी" हवंच. "कोंबड्यांना हाकलायला" लिहिलं तर कोंबड्या उताऱ्यात नाहीत, हे तिला शोधायला लावा.

---

लाल_शाई

इथे मी सहमत नाही. पाचवा प्रश्न "आजी कमी का बोलली असेल?" असा करा आणि ठेवा. पाचवीच्या मुलाने एवढा विचार करावा. "वाल वाया गेले नव्हते, त्यांचं बिरडं होणार होतं" असं उत्तर आलं तर त्याला "उद्या मोड काढायला बांधू, परवा बिरडे" हा पक्का पुरावा आहे. "सुमनला चूक कळली होती" असं आलं तर सकाळी झाडलेलं अंगण हा पुरावा. दोन्हींना गुण. फक्त प्रेमळ, दयाळू, समजूतदार असे उताऱ्यात न दिसणारे गुण चिकटवलेत तर नाही.

---

मुळाक्षर

बिरड्याचा पुरावा चांगला काढलात, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण झाडलेलं अंगण रविवारी सकाळचं आहे, आजी कमी बोलली शनिवारी रात्री. नंतर घडलेली गोष्ट आधीच्या वागण्याचं कारण कशी होईल? "का"च्या उत्तरात मुलं हीच चूक करतात. पुढचं मागे लावतात.

---

लाल_शाई

ती कारण म्हणून नाही, खूण म्हणून. सकाळच्या वागण्यावरून रात्री तिला चूक उमगली होती असं अनुमान काढता येतं, आणि आजीला ते दिसलं असेल. मुलाने "सकाळी सुमनने अंगण झाडले यावरून कळते की…" असं लिहिलं तर मी स्वीकारेन. सरळ "कारण तिने अंगण झाडले" लिहिलं तर नाही.

---

मुळाक्षर

"यावरून कळते की" असेल तर मान्य. तरीही एका वाक्यात उत्तर मागणाऱ्या प्रश्नात हे बसत नाही असं माझं मत आहे. दोन-तीन वाक्यांच्या प्रश्नात घ्यावं.

---

दूरदेशी_न्यूजर्सी

मी आज सांगाडे दिले. तीन मुलांनी "बाळूने" बरोबर लिहिलं. चौथ्याने "बाळूनी" लिहिलं. ते चूक धरायचं का?

---

लाल_शाई

"बाळूनी" बोलण्यात पुष्कळ ठिकाणी असतं. आकलनाचा गुण पूर्ण द्या, उत्तर कळलंय. लिहिताना "ने" असं वेगळ्या पेनने दाखवा. आकलन आणि शुद्धलेखन यांचे गुण एकत्र करू नका, नाहीतर मुलं पुन्हा आयतं वाक्य उचलायला लागतील.

---

वेलदोडा

आज नव्या उताऱ्यावर बसवलं. रेघ मारायला सांगितली तर पहिल्यांदा पूर्ण वाक्याखाली मारली, मग स्वतःच खोडून तीन शब्दांवर आणली. "केव्हा"च्या उत्तराला उतारा उघडून "ल्यावर" तपासलं. "का"च्या प्रश्नाला अजून परिणामाचं वाक्य आधी पकडते, मागे जायला सांगावं लागतं. किती मागे जायचं हे तिने विचारलं. मी दोन वाक्यं म्हटलं, पण कारण परिच्छेदाच्या सुरुवातीला असेल तर?

---

मुळाक्षर

वाक्यं मोजायला सांगू नका. परिणामाच्या वाक्यावर बोट ठेवायचं आणि मागे जाताना प्रत्येक वाक्याला विचारायचं, "हे घडलं नसतं तर वाल भिजले असते का?" आजी गोठ्याकडे गेली नसती तर? कदाचित तिनेच वाल उचलले असते, पण ते उताऱ्यात नाही. सुमन लगेच उठली असती तर? भिजले नसते. तिथे थांबायचं. आभाळ भरून आलं नसतं तर? तरी भिजले नसते. म्हणजे या प्रश्नाला दोन वाक्यांवर "नाही" येतं. त्यातलं कोणतं घ्यायचं, यावर एक नियम मला अजून बसवता आलेला नाही. माणसाच्या हातात होतं ते घ्या असं मी मुलांना सांगतो, पण पूर, दुष्काळ, प्राण्यांचे उतारे आले की तो अपुरा पडतो. इथे कोणी काही वेगळं करत असेल तर लिहा.